अध्यक्ष महोदय, मी खाली बसणार नाही

युवा संसदेत मुले भाषण पाठ करून येतात आणि पहिल्याच आरडाओरड्यात अडखळतात. वक्तृत्व स्पर्धेत श्रोते गप्प बसतात, सभागृहात बसत नाहीत. त्यामुळे खरी तयारी करायची ती मध्येच टोकणाऱ्यांसाठी.

बालविवाह प्रतिबंध कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक घेऊ. ते डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडले गेले. मुलींचे विवाहाचे किमान वय १८ वरून २१ करणे ही त्यातली मुख्य तरतूद. दुसरी फारशी कुणी वाचत नाही. अल्पवयात लग्न झालेल्यांना सज्ञान झाल्यावर ते रद्द करून घेण्यासाठी अर्ज करायला सध्या दोन वर्षे मिळतात, ती पाच करायची होती.

समजा, एक विद्यार्थिनी विरोधी बाकावरून उठते. ‘माननीय अध्यक्ष महोदय, या विधेयकातील वयाच्या तरतुदीला विरोध करण्यासाठी मी उभी आहे.’ नमनाला एवढेच तेल पुरे. पुढचे प्रत्येक वाक्यही अध्यक्षांनाच उद्देशून. समोरच्याला ‘तुम्ही’ म्हणायचे नाही, ‘सन्माननीय सदस्य’ म्हणायचे. यामुळे भांडण माणसाशी न होता मुद्द्याशी होते.

ती म्हणते, अठराव्या वर्षी मुलगी सरकार निवडते, मग जोडीदार का नाही? तेवढ्यात समोरून आवाज येतो, ‘म्हणजे मुलींनी शिकू नये का?’ इथे दोन वाटा असतात. ‘अध्यक्ष महोदय, मी खाली बसणार नाही’ म्हणून पुढे जाता येते. मुद्दा आपल्या उपयोगाचा असेल तर क्षणभर बसून तो ऐकायचा आणि उत्तर द्यायचे: ‘अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांची काळजी रास्त आहे. पण आज कायद्याने १८ ही मर्यादा असूनही त्याआधी लग्ने होतात. जी मर्यादा पाळली जात नाही, ती वाढवल्याने कॉलेज जवळ येत नाही.’ उत्तर दोन-तीन वाक्यांत संपले पाहिजे. लांबले की वेळ आपलीच जाते.

हरकतीचा मुद्दा मात्र वेगळा. तो निघाला की बोलणाऱ्याने थांबायचे, निर्णय अध्यक्ष देतात. तो नियमभंगाबद्दलच असावा लागतो. ‘आकडा चुकीचा आहे’ ही हरकत नव्हे, तो वादाचा भाग झाला. युवा संसदेत ही गल्लत हमखास होते.

शेवटी आवाज चढवून घोषणा देण्याचा मोह होतो, पण सभागृहाला मत कुठे द्यायचे ते सांगावे लागते. ‘अर्जाची मुदत पाच वर्षे करण्याला माझा पाठिंबा आहे. वयाचा खंड वगळावा, ही माझी दुरुस्ती आहे. ती स्वीकारली नाही, तर मी विधेयकाविरुद्ध मत देईन.’ एवढे बोलून बसावे.

खऱ्या लोकसभेत या विधेयकावर मतदान झालेच नाही. ते स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाल्यावर रद्दबातल ठरले.