मोटारीच्या पुढच्या व मागच्या चाकांचे ब्रेक

वर्धा जिल्ह्यांतील समुद्रपूर तालुक्यांत जाम नांवाचें गांव आहे. नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्याला येथेंच चंद्रपूरचा रस्ता फुटतो. रस्ता सपाट, वाहनें वेगाचीं. अशा ठिकाणीं कापसानें भरलेली बैलगाडी एकाएकीं आडवी आली, म्हणजे सर्वांचें जीवित मोटारहांक्याच्या पायाखालच्या ब्रेकवर अवलंबून राहतें. पेडल एकच असतें. परंतु तें दाबल्यावर पुष्कळशा मोटारींच्या पुढच्या चाकांत एका जातीचें यंत्र काम करूं लागतें आणि मागच्या चाकांत दुसऱ्याच जातीचें. पुढें डिस्क आणि मागें ड्रम, असा हा जोड कां घातला असावा?

प्रथम ब्रेक काय करतो तें पाहिलें पाहिजे. ब्रेक वेग नाहींसा करीत नाहीं; घर्षणानें तो त्याची उष्णता करतो. माणसांसह १००० किलो भरणारी मोटार ताशीं ७२ किलोमीटर वेगानें, म्हणजे सेकंदाला २० मीटर, जात आहे असें समजा. तिच्या अंगीं २ लक्ष ज्यूल इतकी शक्ति असते. पाऊण लिटरला थोडें कमी इतकें साधें पाणी उकळीला आणण्यास एवढी उष्णता पुरते. कोरड्या रस्त्यावर ती मोटार जोरानें थांबविली, तर सुमारें तीन सेकंदांत ही सारी उष्णता चार चाकांपाशीं उत्पन्न होते. ती सोसणें आणि लवकर बाहेर टाकणें हीच ब्रेकची खरी कसोटी होय.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा ओतीव लोखंडाचा उथळ डबा. त्याच्या आंत चंद्रकोरीसारखे दोन शू असतात व त्यांच्या पाठीवर लायनर बसविलेला असतो. पेडल दाबलें कीं ब्रेक ऑइलचा दाब नळींतून येतो, आंतील लहान पिस्टन दोन्ही शूंना बाहेर रेटतात आणि लायनर ड्रमच्या आंतल्या अंगाला घासूं लागतो. पाय उचलतांच स्प्रिंगा शूंना मागें ओढतात. यांत एक मौज आहे. दोहोंपैकीं एका शूला फिरता ड्रम स्वतःच आपल्या अंगाकडे ओढून घेतो. दाराखालीं पाचर बसावी आणि दार ढकललें असतां ती अधिकच आवळावी, तसा हा प्रकार. त्यामुळें थोड्या जोरांत पुष्कळ काम होतें. दुसऱ्या शूला मात्र तोच ड्रम दूर लोटीत असतो.

डिस्क ही चाकाबरोबर फिरणारी उघडी लोखंडी चकती. तिच्या कडेवर कॅलिपर नांवाचा चिमटा बसविलेला असतो. ऑइलच्या दाबानें कॅलिपरांतील पिस्टन पुढें सरतो आणि दोन्ही बाजूंचे पॅड चकतीला, चिमटींत ताटली धरावी तसे, आवळून धरतात. येथें पाचरीचें साहाय्य मुळींच नाहीं. जितका दाब तितकीच पकड. म्हणून डिस्कला अधिक जोर लागतो, व तो पुरविण्यासाठीं पेडलमागें बूस्टर बसवितात. पेट्रोलच्या मोटारींत हा बूस्टर बहुधा इंजिनाच्या शोषणावर चालतो. परंतु या उणिवेंतच डिस्कचा गुणहि आहे. लायनर तापून त्याचें घर्षण थोडें घटलें, तर ड्रममध्यें पाचरीचा जोरहि त्याबरोबर घटतो व एकंदर पकड फारच कमी होते. शिवाय तापलेला ड्रम फुगतो आणि शूपासून दूर जातो. आणि बंद डब्यांतील उष्णतेला वाट सांपडत नाहीं. डिस्क वाऱ्यांत उघडी असल्यामुळें लवकर निवते. फुगली तरी पॅडकडेच फुगते. आणि अंगावरचें पाणी फिरतांना झटकून टाकते.

आतां पुढचें आणि मागचें चाक यांत भेद कां, हें पाहूं जातां सारें कोडें उलगडतें. मोटार एकदम थांबूं लागली कीं तिचें नाक खालीं वांकतें. मागचा भार पुढच्या चाकांवर येतो. वर घेतलेल्याच मोटारीचा उभी असतांना ६०० किलो भार पुढें व ४०० किलो मागें आहे असें धरा. दोन आंसांमध्यें अंतर २·४ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच. जोरानें ब्रेक लावला असतां सुमारें १६० किलो भार पुढें सरकतो. म्हणजे पुढें ७६० व मागें अवघा २४०. ज्या चाकावर भार अधिक, त्याचीच रस्त्यावर पकड अधिक. म्हणून थांबविण्याचें तीन-चतुर्थांश काम पुढच्या ब्रेकांना करावें लागतें, आणि उष्णताहि तितकीच त्यांच्या वांट्याला येते. मागें तोडीस तोड जोराचा ब्रेक बसविला, तर हलकें झालेलें मागचें चाक पुढच्याच्या आधीं जखडून घसरूं लागेल आणि मोटार गर्रकन आडवी फिरेल. तें टळावें म्हणून मागच्या ब्रेककडे जाणारा दाब मुद्दाम कमी ठेवतात.

याप्रमाणें मागच्या चाकाचें काम हलकें ठरलें म्हणजे तेथें ड्रम चांगला शोभतो. तो स्वस्त पडतो. चिखल व धूळ यांपासून शू झांकलेले राहतात, आणि विदर्भाच्या काळ्या मातीच्या रस्त्यांवर हा गुण लहान नव्हे. सर्वांत सोयीची गोष्ट हँडब्रेकची. उभी मोटार धरून ठेवण्यास उष्णतेचा प्रश्न नसतो, केवळ पकड लागते. एका तारेनें शू ताणून ती ड्रममध्यें सहज मिळते.

हा जोड एकदम जमला नाहीं. इंग्लंडांत लँचेस्टर यांनीं १९०२ मध्येंच डिस्क ब्रेकचा एकाधिकार घेतला होता. पण तिची ख्याति झाली ती १९५३ सालीं, डिस्क लावलेल्या जॅग्वार गाडीनें ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हां. १९५५ च्या सित्रोएन डी. एस. मोटारीला पुढें डिस्क व मागें ड्रम होते. आपल्याकडे ॲम्बॅसडरला प्रारंभीं चारी चाकांना ड्रमच असत. मारुति ८०० च्या पुढें डिस्क व मागें ड्रम ही जोडी घरोघरीं पोंचली.

तथापि डिस्कलाहि मर्यादा आहे. जामचा रस्ता सपाट आहे. तेथें एकदां तापलेला ब्रेक पुढें मैलभर निवत जातो. तीच मोटार खंडाळ्याहून खोपोलीकडे घाट उतरूं लागली तर सुमारें ५०० मीटर खालीं येते. या उताराची सारी शक्ति ब्रेकनेंच रोखावयाची, तर ताशीं ७२ किलोमीटरवरून सुमारें पंचवीस वेळां मोटार थांबविण्याइतकी उष्णता निघते, आणि मध्यें निवण्यास अवधि मिळत नाहीं. अशा वेळीं दोन प्रकारचे दोष होतात व ते पायालाच कळतात. पेडल कठीण लागतें पण मोटार थांबत नाहीं, तर पॅड किंवा लायनर तापून त्यांचें घर्षण गेलें आहे. पेडल मऊ होऊन खोल जातें, तर ऑइलला उकळी फुटून नळींत वाफ झाली आहे. ब्रेक ऑइल हवेंतील ओल शोषतें आणि ओलसर झालें कीं कमी उष्णतेंत उकळतें. म्हणून सामान्यतः दोन वर्षांनीं तें बदलतात. ज्या गिअरमध्यें घाट चढावा, त्याच गिअरमध्यें उतरावा, म्हणजे इंजिनच मोटारीला आवरून धरतें आणि ब्रेक ऐन प्रसंगासाठीं थंड राहतो.