झोप कमी, चेंडू वेगात

ताशी 120 किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटल्यावर फलंदाजाच्या क्रीझपर्यंत सुमारे 17.7 मीटर जातो. हवेत आणि टप्प्यावर कमी होणारा वेग हिशेबात धरला नाही, तर हा प्रवास 0.53 सेकंदात संपतो. डोळ्यांना काही दिसल्यापासून हात हलेपर्यंत निरोगी तरुणाला साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे चेंडू ओळखून फटका निवडायला आणि बॅट आणायला उरतो जेमतेम दुसरा पाव सेकंद. फलंदाज गोलंदाजाच्या मनगटावरून, खांद्यावरून आधीच काही अंदाज बांधतो म्हणून तर हा खेळ शक्य होतो.

आता या फलंदाजाला अकरावीत बसवू. रात्रीचा क्लास, जेवण, थोडा मोबाइल, झोपायला साडेअकरा. सकाळी सहाच्या नेट्ससाठी पाचचा गजर. झोप झाली साडेपाच तास, आणि तीही रोजच. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मैदानावर पहाटे जाऊन विचारा, असं वेळापत्रक असलेली मुलं भेटतील. अशा मुलाच्या पाव सेकंदाचं काय होतं?

बहुतेकांना वाटतं, तो सगळ्याच चेंडूंवर थोडा मंद होत असेल. प्रत्यक्षात घडतं ते वेगळं आणि जास्त धोक्याचं आहे. अमेरिकी संशोधक डेव्हिड डिंजेस यांनी 1980च्या दशकात ते मोजण्यासाठी एक साधी चाचणी रूढ केली. पडद्यावर आकडे दिसू लागले की बटण दाबायचं, एवढंच. दोन ते दहा सेकंदांच्या अंतराने, कधी ते न कळता, हे दहा मिनिटं चालतं. झोप कमी पडलेल्या माणसाचे बरेचसे प्रतिसाद या चाचणीत जवळजवळ नेहमीसारखेच येतात. पण मधूनच एखादा अर्ध्या सेकंदाहून उशिरा येतो. अशा चुकलेल्या प्रतिसादाला लॅप्स म्हणतात. झोप जितकी तुटते, तितके लॅप्स वाढतात. इतक्या उशिरा बॅट येईल तोवर आपल्या फलंदाजाचा चेंडू कुठे असेल? यष्टिरक्षकाच्या हातात, नाहीतर यष्ट्यांवर. किंवा, उसळता असेल तर, हेल्मेटवर.

म्हणूनच प्रशिक्षकाला हे लवकर उमगत नाही. वीस चेंडू मुलगा नीट खेळतो, एकविसाव्यावर पाय हलतच नाही. प्रशिक्षक ओरडतात, “लक्ष कुठे आहे तुझं?” लक्ष खरोखरच क्षणभर नव्हतं, पण तो निष्काळजीपणा नव्हता. अपस्माराच्या उपचारासाठी ज्यांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवले होते, अशा रुग्णांचा रात्रभर जागरणानंतर अभ्यास झाला आणि तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिसाद चुकण्याच्या अगदी आधी, चित्र ओळखणाऱ्या पेशी क्षीणपणे आणि उशिरा पेटत होत्या, आणि त्याच भागात झोपेत दिसतात तशा मंद लहरी उमटत होत्या. डोळे उघडे, माणूस जागा, आणि मेंदूचा एक तुकडा डुलकी घेतोय. इच्छाशक्तीने हे काही मिनिटं दाबता येतं. चाचणी दहा मिनिटांची ठेवण्याचं कारणही तेच. सामना मात्र त्याहून खूप लांब चालतो.

“मला सवय झालीय” हे वाक्य खेळाडूंकडून नेहमी ऐकू येतं. या सवयीची परीक्षा 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झाली. 48 निरोगी प्रौढांपैकी काहींना सलग 14 रात्री आठ तास, काहींना सहा, काहींना चार तास अंथरुणात राहू दिलं. सहा तासवाल्यांचे लॅप्स दिवसागणिक वाढत गेले आणि दोन आठवड्यांनी एक अख्खी रात्र जागलेल्या माणसाइतके झाले. झोप किती येतेय, असं विचारल्यावर त्यांची उत्तरं मात्र पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदलली नाहीत. घसरण चालूच होती, फक्त ती जाणवणं थांबलं होतं. माझ्या मते झोपेच्या संशोधनातला खेळाडूंसाठी सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हाच आहे. “मी ठीक आहे” या उत्तरावर मुलाला मैदानात उतरवता येत नाही.

मग रविवारी भरपूर झोपून हिशेब चुकता होतो का? त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने सात दिवस कमी झोपलेल्या माणसांना त्यानंतर तीन रात्री प्रत्येकी आठ तास दिले. रोज तीन, पाच किंवा सात तास अंथरुणात काढलेल्यांपैकी कुठलाच गट तीन रात्रींत पूर्ववत झाला नाही. एका रविवारची गोष्टच सोडा.

सरावानंतर शरीर भरून येण्याचंही असंच आहे. जोरदार व्यायामात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि नवी प्रथिनं बांधून शरीर ती दुरुस्त करतं. मुलाची ताकद वाढते ती या दुरुस्तीत. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात 13 तरुणांना एक रात्र पूर्ण जागं ठेवलं, तेव्हा स्नायूंमधली प्रथिनबांधणी 18 टक्क्यांनी घटली. ताणाचं कॉर्टिसॉल 21 टक्क्यांनी वाढलं आणि बांधणीला मदत करणारं टेस्टोस्टेरॉन 24 टक्क्यांनी उतरलं. हा प्रयोग पूर्ण जागरणाचा होता, माणसंही थोडी होती. साडेपाच तास झोपणाऱ्या मुलाला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे: संध्याकाळी जिममध्ये कमावलेलं रात्री पुरतं पदरात पडत नाही. लॉस एंजेलिसच्या 112 शालेय खेळाडूंच्या पाहणीत, आठ तासांहून कमी झोपणाऱ्यांमध्ये दुखापतीची शक्यता 1.7 पट दिसली. ती झोप मुलांनी स्वतः सांगितलेली होती, त्यामुळे कमी झोपेमुळेच दुखापत झाली असं त्यावरून सिद्ध होत नाही. तरी सावध व्हायला तेवढं पुरे.

उलट्या बाजूनेही पाहिलं गेलंय. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 11 बास्केटबॉलपटूंना पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं. त्यांची प्रत्यक्ष झोप रात्रीमागे पावणेदोन तासांहून अधिक वाढली. ठरलेल्या अंतराची धाव 16.2 सेकंदांवरून 15.5 वर आली, फ्री थ्रो 9 टक्क्यांनी सुधारले, प्रतिसादही जलद झाला. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणजे त्यातला काही भाग नुसत्या सरावाचाही असेल.

घरी ताडून पाहायचं असेल तर तीस सेंटिमीटरची पट्टी पुरते. एकाने ती वरून धरायची, खेळाडूने खालच्या टोकाशी, शून्यापाशी, बोटं उघडी ठेवायची. न सांगता सोडायची. पट्टी 20 सेंटिमीटरवर पकडली तर सुमारे 0.20 सेकंद लागले, आणि अख्खी निसटली तर 0.25 हून जास्त. एकदा-दोनदा करून काही कळत नाही. सलग तीस-चाळीस वेळा करा आणि सरासरी काढण्यापेक्षा किती वेळा पट्टी निसटली ते मोजा. सुट्टीत चांगली झोप झालेल्या आठवड्यातला आकडा लिहून ठेवा आणि परीक्षेच्या दिवसांतल्या आकड्याशी ताडा.

मुलांना लवकर झोपायला सांगणं सोपं आहे, पण किशोरवयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं आणि रात्री झोप उशिरा येते. या वयाला आठ ते दहा तास लागतात. पहाटे पाचला उठायचं तर रात्री नऊलाच झोप लागायला हवी, आणि क्लास सुटतो तेव्हा नऊ वाजलेले असतात. इथे मुलाच्या हातात फार काही नाही, वेळापत्रक मोठ्यांनी ठरवलेलं आहे. म्हणून प्रशिक्षकांना आणि पालकांना विनंती: सरावाच्या हजेरीवहीत काल रात्रीच्या झोपेचा एक रकाना काढा. आठवडाभर सहाच्या आत आकडे दिसले तर त्या मुलाला वेगवान गोलंदाजीसमोर उभं करू नका, आणि स्पर्धेच्या आधीचे दोन आठवडे तरी पहाटेचा सराव संध्याकाळी घ्या.