आठ वर्षांची नोकरी, सहा वर्षांचे गुण

पुण्याच्या संगणक अभियंत्याचा हिशोब साधा असतो. जून 2016मध्ये बी.ई. कॉम्प्युटर झाला, 1 जुलैला हिंजवडीत रुजू झाला आणि मध्ये एकही दिवस घरी न बसता जुलै 2024पर्यंत पोहोचला. म्हणजे अनुभव आठ वर्षांचा. ऑस्ट्रेलियाच्या कुशल स्थलांतराच्या तक्त्यात परदेशातल्या आठ वर्षांच्या अनुभवाला 15 गुण आहेत. हे 15 गुण धरूनच तो स्वप्नं रंगवू लागतो.

पण अनुभव कुठल्या दिवसापासून मोजायचा, हे अर्जदार ठरवत नाही. आयटीतल्या लोकांसाठी ते काम ऑस्ट्रेलियन कम्प्युटर सोसायटी म्हणजे एसीएस करते. या संस्थेच्या लेखी नुसती पदवी हातात आली म्हणून माणूस 'कुशल' होत नाही. पदवीचे विषय निवडलेल्या व्यवसायाशी जवळून जुळत असतील, तर त्यावर गेल्या दहा वर्षांतला दोन वर्षांचा अनुभव लागतो. ही दोन वर्षं म्हणजे जणू उमेदवारी. ती कुशल ठरण्यातच खर्ची पडतात, त्यांचे गुण मिळत नाहीत. म्हणून आपल्या अभियंत्याच्या पत्रात लिहून येतं की जून 2018नंतरचा अनुभव ग्राह्य. आठाची सहा वर्षं झाली आणि पाच ते सात वर्षांना 10च गुण आहेत.

त्याच्याच शेजारच्या टेबलावर बसणारा, तितकीच वर्षं तेच काम करणारा मित्र बी.ई. मेकॅनिकल असेल, तर त्याचं गणित याहून कडू. पदवी आयटीची नसल्यामुळे त्याला दोन प्रकल्पांचे सविस्तर अहवाल लिहून आपलं ज्ञान सिद्ध करावं लागतं आणि सहा वर्षं कुशल ठरण्यातच जातात. उरली दोन. तीन वर्षांपेक्षा कमी परदेशी अनुभवाला शून्य गुण. दोघांचा पगार एकच असला तरी इथे फरक दहा गुणांचा.

अनुभव मोजला जाण्याआधी तो सिद्ध व्हावा लागतो आणि घोडं अडतं ते इथेच. आपल्याकडे नोकरी सोडताना मिळणाऱ्या अनुभवपत्रात रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, पदनाम आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा एवढंच असतं. शुभेच्छांचा इथे उपयोग नाही. परीक्षकाला हवं असतं रोजचं काम: कोणती प्रणाली बांधली, कोणत्या भाषेत, कोणती जबाबदारी, नोकरी पूर्णवेळ की अर्धवेळ. पदनाम 'सीनियर असोसिएट' असलं तरी चालतं, पण कामाचं वर्णन निवडलेल्या व्यवसायाशी जुळलं पाहिजे. एचआर असं पत्र द्यायला तयार नसेल, तर सोबत काम केलेल्या वरिष्ठाकडून प्रतिज्ञापत्र घेतात आणि त्याला पगारपत्रकं, बँकेचे उतारे यांची जोड देतात.

आता बेरीज. आपला अभियंता सप्टेंबर 1993चा, म्हणजे जुलै 2024मध्ये तिशीचा. 25 ते 32 या वयाला 30 गुण. इंग्रजीच्या परीक्षेत वरची श्रेणी मिळवली, त्याचे 20. पदवीचे 15, अनुभवाचे 10. अविवाहित असल्याचे 10, हो, त्यालाही गुण आहेत! एकूण 85. पात्रतेची किमान अट 65ची, पण ती नुसती रांगेत उभं राहण्याची. बोलावणं जास्त गुणवाल्यांना आधी जातं आणि आयटीत 65वर आशा धरण्यात अर्थ नाही.

रांगेत नाव लागतं ते स्किलसिलेक्ट या सरकारी संकेतस्थळावर आणि सगळ्यात महाग चूक तिथेच होते. पहिली नोकरी एकाच ओळीत भरून 'व्यवसायाशी संबंधित' म्हटलं, की यंत्रणा बिनबोभाट आठ वर्षं मोजते आणि पडद्यावर 90 दिसतात. माणूस खूश होतो. पुढे व्हिसाची फी भरल्यावर अधिकारी एसीएसचं पत्र काढून बघतो. दावा केलेले गुण सिद्ध झाले नाहीत तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो आणि फी सहसा परत मिळत नाही. म्हणून जाणकार त्याच नोकरीच्या दोन ओळी करतात: जून 2018पर्यंतची 'संबंधित नाही', त्यापुढची 'संबंधित'.

मग आठ वर्षं पुरी होईपर्यंत थांबावं का? ग्राह्य अनुभव आठ वर्षांचा होईल जुलै 2026मध्ये. तेव्हा पाच गुण वाढतील. सप्टेंबरमध्ये तो 33 वर्षांचा झाला की वयाचे 30चे 25 होतील, आणि बेरीज पुन्हा 85. मधले जेमतेम दोन महिने 90 गुणांचे. त्यातही मेख अशी की एसीएसच्या पत्राची मुदत दोन वर्षांची. जुलै 2024चं पत्र नेमकं त्याच महिन्यात संपतं. तेव्हा नवं पत्र मागवण्याची तयारी त्याला त्या उन्हाळ्यातच सुरू करावी लागेल.