हप्ता बाऊन्स झाल्याचा मेसेज मराठीत आणताना कुठे घोळ होतो?

लालबाग-परळच्या पट्ट्यात महिन्याच्या ५ तारखेला हमखास येणारा एक मेसेज आहे. कर्जाचा हप्ता बाऊन्स झाला, ताबडतोब पैसे भरा, नाहीतर लेट फी लागेल आणि पुढची कारवाई होईल. इंग्रजीत आला तर घरातली पोरं वाचून दाखवतात. मराठीत आला तर वाचणारा स्वतःच वाचतो आणि कित्येकदा इंग्रजीपेक्षाही जास्त घाबरतो.

घाबरण्याचं कारण रक्कम मोठी असणं हे नसतं. मराठी करताना निवडलेले दोन-तीन शब्द मेसेजचा अर्थच बदलून टाकतात.

उदाहरण म्हणून एक कर्जदार घेऊ. परळच्या एका खाजगी ऑफिसात नोकरी, राहायला लालबागच्या चाळीत, घराच्या दुरुस्तीसाठी काढलेलं वैयक्तिक कर्ज. हप्ता ८,४५० रुपये, तारीख दर महिन्याची ५. पगार होतो ७ तारखेला. यात कंपनीची चूक नाही, कारण मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत द्यायची मुभा कायद्यातच आहे. म्हणजे हप्ता आणि पगार यांच्यात दोन दिवसांची फट आहे, आणि मागच्या पगारातलं काही उरलं नसेल तर हप्ता त्याच फटीत पडतो. ५ तारीख रविवारी आली तरी सुटका नाही. हप्ते कापणारी नॅच ही यंत्रणा १ ऑगस्ट २०२१ पासून सुट्टीच्या दिवशीही चालते.

'कपात' म्हटलं की पगार आठवतो

पहिली अडचण 'ऑटो डेबिट' या शब्दाची. अनेक मेसेजांत त्याचं 'कपात' होतं. गिरणगावातल्या जुन्या पिढीला हा शब्द वेगळ्या अर्थाने माहीत आहे. पगारदारांच्या पतपेढीचं कर्ज असलं की हप्ता मालकच पगारातून कापून पतपेढीला देतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ मध्ये तशी तरतूद आहे. तिथे हप्ता पगाराच्या आधी कापला जाण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे 'बाऊन्स' हा प्रकारही नाही.

त्यामुळे 'आपल्या हप्त्याची कपात अयशस्वी झाली' असं वाचल्यावर माणूस ऑफिसच्या अकाउंट्स विभागात जाऊन विचारतो, की माझा हप्ता का कापला नाही? तिथे कोणालाच काही माहीत नसतं. 'बँक खात्यातून हप्ता कापला गेला नाही, कारण खात्यात पुरेसे पैसे नव्हते' एवढं साधं लिहिलं तर कुठे बघायचं ते कळतं. 'बाऊन्स' हा शब्द ठेवायलाही हरकत नाही, तो आता सगळ्यांच्या तोंडी आहे. 'हप्ता अनादरित झाला' हे मात्र कोणी बोलत नाही. चेक वटतो किंवा वटत नाही, तो 'अनादरित' फक्त नोटिशीत होतो.

थकबाकी नेमकी कशाची?

सगळ्यात जास्त घबराट होते ती इथे. इंग्रजी मेसेजात दोन वेगळे शब्द असतात. 'ओव्हरड्यू' म्हणजे तारीख उलटून गेलेली रक्कम, इथे ८,४५० रुपये. 'आउटस्टँडिंग' म्हणजे कर्जाचं अजून फेडायचं राहिलेलं मुद्दल, समजा १,८६,००० रुपये. घाईच्या भाषांतरात दोन्हींना 'थकबाकी' म्हटलं जातं. मग 'आपली एकूण थकबाकी १,८६,००० रुपये असून तात्काळ भरणा करावा' असं वाक्य तयार होतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की एक हप्ता चुकला म्हणून सगळं कर्ज एकदम मागितलंय.

मराठीत 'थकणं' हे तारीख उलटल्यावरच होतं. अजून ज्याची तारीखच आली नाही ते पैसे थकलेले नसतात. म्हणून एकाला 'थकलेला हप्ता' आणि दुसऱ्याला 'बाकी राहिलेलं कर्ज' असं वेगळं ठेवावं लागतं. खरं तर आठवणीच्या मेसेजात दुसरा आकडा हवाच कशाला?

'दंडव्याज' हा शब्द आता चुकीचा

लेट फीच्या ओळीत भाषांतराची चूक थेट पैशांवर जाते. पूर्वी बँका उशिरासाठी व्याजाचा दर वाढवत, त्याला मराठीत 'दंडव्याज' म्हणत. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने ही पद्धत बंद केली. नव्या कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून, आणि जुन्या कर्जांना उशिरात उशिरा ३० जून २०२४ पर्यंत नवा नियम लागू झाला. आता उशिराबद्दल वेगळा आकार लावता येतो, पण तो व्याजाच्या दरात मिसळता येत नाही आणि त्या आकारावर पुन्हा व्याज लावता येत नाही. मूळ कर्जाचं नेहमीचं व्याज मात्र चालूच राहतं. क्रेडिट कार्डांना हे परिपत्रक लागू नाही.

म्हणून आज 'दंडव्याज आकारण्यात येईल' असं लिहिणं म्हणजे जे लावता येत नाही ते लावतो म्हणण्यासारखं आहे. 'दंड आकार' किंवा 'दंडात्मक शुल्क' हे बरोबर. 'आकार' हा शब्द जड वाटला तरी अनोळखी नाही. गावच्या घराचं महावितरणचं बिल ज्यांच्याकडे येतं त्यांनी 'स्थिर आकार' वाचलेलाच असतो.

याच परिपत्रकात आणखी एक गोष्ट आहे, जी भाषांतर करणाऱ्याने विसरू नये. कर्जदाराला आठवणीचा मेसेज पाठवताना त्यात लागू होणारा दंड आकार कळवायचाच असतो. 'नियमानुसार शुल्क लागेल' एवढं लिहून भागत नाही.

मग हिशेब असा होतो. समजा या कर्जाचा दंड आकार थकलेल्या हप्त्यावर वर्षाला २४ टक्के आहे. ८,४५० चे २४ टक्के म्हणजे २,०२८ रुपये, पण ते वर्षाचे. दिवसाला ते सुमारे ५ रुपये ५६ पैसे पडतात. चार दिवस उशीर झाला तर २२ रुपये. हाच दर मेसेजात 'दरमहा २ टक्के' असा येतो आणि 'कशावर' हा शब्द गळतो. मग कोणी तो १,८६,००० वर लावून ३,७२० रुपये काढतो. खरा फटका उशिराचा नसतोच. तो असतो हप्ता परत गेल्याचा: कर्ज देणाऱ्या कंपनीचा बाऊन्स आकार, समजा ५०० रुपये, आणि ज्या बँकेत पगार होतो तिचा वेगळा आकार, समजा २९५ रुपये. हे दोन आकार दोन वेगवेगळ्या संस्था लावतात. कंपनीच्या मेसेजात बँकेचा आकार दिसत नाही, तो पासबुकातच सापडतो. चार दिवसांच्या उशिराचे एकूण ८१७ रुपये, आणि त्यातले दंड आकाराचे फक्त २२.

'होऊ शकते' आणि 'होईल'

शेवटच्या ओळीत इशारा असतो. इंग्रजीत तिथे बहुतेक वेळा 'मे' हे क्रियापद असतं, म्हणजे कारवाई होऊ शकते. मराठीत त्याचं 'करण्यात येईल' झालं की शक्यतेची धमकी होते. खात्यात पैसे नसल्याने इलेक्ट्रॉनिक हप्ता परत जाणं हा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली गुन्हा ठरू शकतो, ही गोष्ट खरी. पण त्याला पायऱ्या आहेत. हप्ता परत गेल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस असतात. ५ तारखेला चुकलेला हप्ता ७ तारखेच्या पगारातून भरणाऱ्या माणसाला 'फौजदारी कारवाई करण्यात येईल' हे वाक्य पाठवणं भाषांतर म्हणूनही चूक आहे.

'डिफॉल्टर'चं 'थकबाकीदार' करणंही तसंच. दोन दिवसांच्या उशिराला तो शब्द लावला तर तीन महिने न भरणाऱ्याला काय म्हणणार? खातं अनुत्पादक ठरायला ९० दिवसांपेक्षा जास्त थकावं लागतं.

मराठी मेसेज लांब का होतो

इतकं सगळं नीट लिहायचं तर जागा लागते, आणि एसएमएसमध्ये ती नसते. साध्या इंग्रजी एसएमएसच्या एका भागात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. त्यातही काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात, त्यामुळे 'हप्ता' हा शब्द पाच जागा खातो. (इंग्रजी मेसेजात ₹ हे एकच चिन्ह टाकलं तरी तो ७० च्या हिशेबात जातो, म्हणून तिथे सहसा Rs. दिसतं.) पैसे वाचवायला कंपनी मजकूर छाटते, आणि छाटताना 'कृपया', 'त्वरित', 'अन्यथा' राहतात, रक्कम आणि तारीख जाते. छाटायचंच तर उलटं छाटावं.

वरच्या कर्जदारासाठी मेसेज असा होऊ शकतो:

'५ तारखेचा तुमचा ८,४५० रुपयांचा हप्ता खात्यात पुरेसे पैसे नसल्याने कापला गेला नाही. बाऊन्स आकार ५०० रुपये. हप्ता भरेपर्यंत थकलेल्या हप्त्यावर दिवसाला ५ रु. ५६ पैसे दंड आकार लागेल, त्यावर व्याज नाही. ९ तारखेला हप्ता पुन्हा खात्यातून मागवला जाईल. आधी भरायचा असल्यास ८ तारखेपर्यंत ॲपमधून भरा.'

यात 'आपला' नाही, 'तुमचा' आहे. मराठीत 'आपलं खातं' म्हणजे तुमचंही आणि आपल्या दोघांचंही. पैशांच्या मेसेजात ही संदिग्धता नको.

९ आणि ८ या दोन तारखा सहसा कोणी लिहीत नाही, पण सर्वांत कामाच्या त्याच आहेत. कंपनी हप्ता दुसऱ्यांदा खात्यातून मागवते. ७ तारखेला पगार झाला, त्यातून घरभाडं आणि किराणा गेला आणि ९ तारखेला खात्यात ८,००० च उरले, तर हप्ता पुन्हा परत जातो आणि दोन्हीकडचे आकार पुन्हा लागू शकतात. उलट, माणसाने ९ तारखेला सकाळी ॲपमधून हप्ता भरला आणि दुपारी खात्यातूनही तो कापला गेला, तर एकाच महिन्यात दोनदा पैसे जातात आणि परत मिळवायला फोन करत बसावं लागतं.

मेसेज इंग्रजीतच येत असेल तर मराठीत मागता येतो. बिगर-बँक वित्त कंपन्यांच्या न्याय्य व्यवहार संहितेत, कर्जदाराशी सगळा पत्रव्यवहार स्थानिक भाषेत किंवा त्याला समजणाऱ्या भाषेत असावा असं आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी सामान्य माणसाला नवं कर्ज देताना द्यायचं मुख्य तथ्य विवरणही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचं असतं. बाऊन्स आकार किती आणि उशिराचा दंड किती, हे त्या विवरणात लिहिलेलं असतं. मेसेजातला आकडा त्याच्याशी जुळतो का, ते तिथे पाहता येतं. हप्त्याची तारीख ५ ची १० करून घेण्याचा अर्जही त्याच कंपनीकडे करायचा असतो. ती मान्य करेलच असं नाही, आणि केली तर मधल्या पाच दिवसांचं व्याज लागू शकतं.