दुसऱ्याच शाखेच्या ठेवी

२५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या गेमविक्रीच्या संकेतस्थळावर काही ग्राहकांना स्वतःच्या खात्याऐवजी अनोळखी माणसांची पानं दिसू लागली. सुमारे ३४ हजार ग्राहकांची माहिती अशी दिसली असावी, असं व्हॉल्व्ह कंपनीने नंतर सांगितलं. कुणाचाही पासवर्ड फुटला नव्हता. कॅशमध्ये जपून ठेवलेली पानं भलत्यांनाच दाखवली जात होती.

पतसंस्थेच्या डॅशबोर्डवरही हे घडू शकतं. बेरजा पुन्हा कराव्या लागू नयेत म्हणून तयार उत्तर काही मिनिटं कॅशमध्ये एका किल्लीखाली ठेवतात. समजा ती अशी आहे:

```
deposits:2025-06
```

साताऱ्याच्या व्यवस्थापकाने पान उघडलं, की त्यांचे आकडे इथे बसतात. दोन मिनिटांनी कराडचे व्यवस्थापक तीच किल्ली मागतात आणि साताऱ्याच्या ठेवी पाहतात. मुदत संपल्यावर आकडे बदलतात, त्यामुळे तक्रार आली तरी चूक हाती लागत नाही. एकाच खात्यावरून केलेल्या चाचणीत तर ती दिसतच नाही.

किल्लीत शाखा हवीच:

```
deposits:branch:12:2025-06
```

हा क्रमांक सर्व्हरने लॉगिनवरून ठरवावा. चाचणीत दोन शाखांची खाती लागोपाठ उघडा. आकडे पैशापर्यंत सारखे आले, तर आधी किल्ली तपासा.