कडूपणा नेमका कुणाचा?

१९३१ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ एक पूड बाटलीत भरत होते. थोडी पूड हवेत उडाली आणि तिथल्या सहकाऱ्याने तक्रार केली, की तोंड कडूजहर झाले. फॉक्स तर पुडीच्या अगदी जवळ होते, पण त्यांना काहीच लागले नव्हते. शेवटी दोघांनी ती चाखून पाहिली. (आज कुणी असे करू नये, ती पूड विषारी आहे.) निकाल तोच: एकाला कडू, दुसऱ्याला बेचव. पुडीचे नाव फेनिलथायोकार्बामाइड, थोडक्यात पीटीसी.

आता ही पूड कडू आहे की नाही?

आपली म्हण सांगते, की कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडू ते कडूच. म्हणजे कडूपणा कारल्याच्या अंगातच मुरलेला. हीच रोजची समजूत युरोपात सतराव्या शतकात डळमळीत झाली. गॅलिलिओने १६२३ मध्ये लिहिले, की चव, वास, रंग हे अनुभवणाऱ्या जिवाच्या ठायी असतात. जीवच नसले तर तेही उरणार नाहीत. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९० च्या सुमारास या विचाराला नीट घडण दिली. आकार, घनता, संख्या, गती हे वस्तूचे प्राथमिक गुण. त्या खरोखर तशाच असतात. रंग, चव, वास, आवाज हे दुय्यम गुण; वस्तूत असते ती फक्त आपल्यात तसा अनुभव जागवण्याची शक्ती.

लॉकचा एक दाखला फार साधा आहे. बदाम कुटला की त्याचा शुभ्र रंग मळकट होतो आणि गोड चव तेलकट होते. पण बत्त्याने काय केले? कणांची रचना बदलली, एवढेच. तेवढ्याने रंग आणि चव पालटत असतील, तर त्यांच्या मुळाशी कणांची रचनाच असली पाहिजे.

पीटीसीमध्ये ही गोष्ट जास्त स्पष्ट दिसते, कारण इथे पुडीत काहीच बदलत नाही. फरक आहे जिभेत. कडू चव ओळखणाऱ्या एका विशिष्ट प्रथिनाची घडण काहींमध्ये वेगळी असते आणि त्याला पीटीसीचा रेणू नीटसा जाणवत नाही. हा फरक घडवणारा जनुक २००३ मध्ये सापडला. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले तत्त्वज्ञ जोनाथन बेनेट यांनी अशाच एका रसायनावरून एक कल्पना मांडली: ज्यांना ते कडू लागते अशांचा वंशच पिढ्यान्‌पिढ्या खुंटत गेला, तर एक दिवस ते रसायन सर्वांसाठी बेचव होईल. रसायनाला मात्र कुणी हातही लावलेला नसेल.

यावर बिशप बर्कली १७१० मध्येच अडून बसला होता. त्याचे म्हणणे, आकारही माणसागणिक आणि अंतरागणिक वेगळा दिसतो. मग तोही मनातलाच का मानू नये? मुद्दा वजनदार आहे. बेनेटचे उत्तर मला पटते. एखाद्याला पीटीसी बेचव लागली तर त्याचे कुठेच अडत नाही. बाकीचे सांगेपर्यंत त्याला आपल्यात काही वेगळे आहे याचा पत्ताही लागत नाही. पण दोन पेल्यांतला लहानमोठा फरकच ज्याला दिसत नाही, त्याचे पदोपदी बिनसेल. मोठ्यातले पाणी लहानात ओतले की ते सांडेल. हाताने चाचपले की डोळ्यांशी मेळ बसणार नाही. मोजपट्टी तिसरेच सांगेल. आकार हा अनेक वाटांनी तपासता येतो आणि तो इतर वस्तूंशीही वागतो. चवीची साक्ष एकट्या जिभेची.

रंगाचेही फारसे वेगळे नाही. मोबाइलच्या पडद्यावरचा पिवळा रंग तांबड्या आणि हिरव्या ठिपक्यांच्या उजेडातून तयार होतो. सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड मुळातच निराळा. डोळ्यांना दोन्ही पिवळेच. पिवळेपणाची व्याख्या डोळा वगळून करता येत नाही ती यामुळेच.

म्हणून रंग आणि चव हे नुसते मनाचे खेळ म्हणायचे का? इथे गॅलिलिओपेक्षा लॉक बरा. चॉकलेट कुत्र्याला विषारी, आपल्याला नाही. पण म्हणून विषारीपणा कुत्र्याच्या मनात असतो असे कुणी म्हणत नाही. ते चॉकलेट आणि कुत्र्याचे शरीर यांच्यातले नाते आहे, आणि चॉकलेट कपाटात बंद असले तरी ते खरेच असते. कडूपणाही तसाच. बाटलीत पीटीसी किती ग्रॅम आहे, याचे उत्तर एकच असते. ती कडू आहे का, या प्रश्नाला मात्र ‘कुणाला?’ हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.