गच्चीवरच्या टाकीतला मलेरिया

मलेरिया म्हटले की डबकी, भातखाचरे आणि झाडीतले ओढे डोळ्यांसमोर येतात. ॲनोफिलीस स्टीफेन्सी या डासाला मात्र यातले काहीच लागत नाही. त्याला माणसाने साठवलेले स्वच्छ पाणी हवे असते, आणि वाढत्या शहरात ते गच्चीवरच्या टाकीपासून बांधकामावरच्या पिंपापर्यंत सगळीकडे मिळते.

या डासाचे पहिले वर्णन महाराष्ट्रातच झाले. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर विल्यम ग्लेन लिस्टन यांनी १९०१ मध्ये एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, डासांवरून ते केले. दहा वर्षांनी चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाचा शोध घेतला, तेव्हा तो गिरणगावच्या गटारांत नव्हे, तर घरोघरच्या विहिरींत सापडला. विहिरी बुजवा किंवा डास शिरणार नाही अशा झाका, असा उपाय पुढे आला. विहिरीचे पाणी पूजेला लागते आणि ते उघडे असले पाहिजे, म्हणून त्याला विरोधही झाला. पुढे नळ आले, विहिरी मागे पडल्या आणि डासाने आपला मुक्काम टाक्यांत हलवला.

बांधकामाच्या जागी त्याचे आणखी चांगले फावते. ताजा स्लॅब तडकू नये म्हणून त्यावर सिमेंट-वाळूचे छोटे बांध घालून निदान आठवडाभर, अनेकदा त्याहून जास्त दिवस पाणी तुंबवतात. उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणजे काँक्रीटला घट्ट होण्यासाठी दिलेला वेळ डासाला जवळजवळ पुरतो. शिवाय लिफ्टच्या खड्ड्यात आणि तळघरात साचलेले पाणी महिनोन्‌महिने तसेच राहते. त्याच जागी पत्र्याच्या खोल्यांत मजूर राहतात. त्यातले काही मलेरियाच्या भागातून आलेले असतात. व्हायव्हॅक्स जातीचा परजीवी यकृतात दडून राहतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. त्यामुळे कामावर येताना धडधाकट असलेला माणूस नंतर कधीतरी तापाने पडतो, आणि त्याला चावलेला डास पुढच्या सुमारे दहा दिवसांत रोग पसरवू लागतो. याचा ठपका मजुरावर ठेवणे अन्यायाचे आहे. पाणी त्याने साठवलेले नसते आणि राहायची जागाही त्याने निवडलेली नसते.

ग्रामीण मलेरियावर चाललेले उपाय इथे तोकडे पडतात. हा डास संध्याकाळपासूनच, लोक मच्छरदाणीत शिरण्याआधी, चावू लागतो. तो घराबाहेरही चावतो आणि गोठ्यातही विसावतो, म्हणून भिंतींवर फवारलेल्या औषधाशी त्याची गाठ कमी पडते. ज्या कीटकनाशकांवर भिस्त आहे त्यांतल्या अनेकांना तो जुमानत नाही. हंगामाचा हिशेबही चुकतो, कारण पाऊस थांबला तरी टाकी भरलेलीच असते. पाणीटंचाईच्या दिवसांत तर लोक जास्तच पाणी साठवतात.

आफ्रिकेने याचा फटका खाल्ला आहे. २०१२ मध्ये हा डास जिबूतीत सापडला. त्या वर्षी तिथे मलेरियाचे २७ रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ही संख्या ७३ हजारांवर गेली. सगळी वाढ एकट्या डासाच्या माथी मारता येणार नाही, पण त्याचा वाटा मोठा आहे. इथिओपियातल्या डिरे दावा शहरात २०२२ मध्ये ऐन कोरड्या हंगामात साथ आली. संशोधकांनी रुग्णांच्या घरांभोवती शोध घेतला, तेव्हा माणसांनी पाणी साठवलेल्या जागांत स्टीफेन्सीच्या अळ्या सापडल्या. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी या डासाविरुद्ध खास मोहीम जाहीर केली.

म्हणून शहरात लढाई डासाशी कमी आणि पाण्याशी जास्त आहे. नेमके इथेच काम अडते. फवारणी सरकारी माणूस करू शकतो. पण हजारो खासगी टाक्यांची झाकणे तो रोज तपासू शकत नाही. बांधकामावर आज कोरडा केलेला खड्डा उद्या पुन्हा भरतो. गप्पी मासे किंवा अळीनाशक औषध उपयोगी पडते, पण टाकीपर्यंत पोहोचता आले तरच. मुंबई महापालिका टाकीला घट्ट झाकण आणि कायमची शिडी असावी असा आग्रह धरते तो यासाठीच.

आपल्या सोसायटीच्या टाकीचे झाकण दर आठवड्याला पाहा, आणि जास्तीचे पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी आहे का तेही तपासा. डास तिथूनही शिरतो. पाण्यात अळ्या दिसल्या आणि त्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या तरंगत असतील, तर त्या ॲनोफिलीसच्या आहेत. डेंग्यूच्या डासाच्या अळ्या तिरक्या लोंबतात. कोणत्याही दिसल्या तरी पालिकेच्या कीटकनाशक विभागाला त्याच दिवशी कळवा.